हेलियम-नायट्रोजनची टाकी: उष्णता पावणेदोन पट का येते?

सेमिस्टरची परीक्षा जवळ आली की ही तक्रार येतेच. "सर, सगळी सूत्रं बरोबर लिहिलीत, कॅल्क्युलेटरवर तीनदा तपासलं, तरी १५६ किलोज्यूल येतंय. उत्तर ८७.६ दिलंय. छपाईची चूक असेल का?" छपाईची चूक नसते. गंमत म्हणजे भोसरी-चाकणच्या बाजूला लीक टेस्टिंगची रिग बसवणाऱ्यांच्या एक्सेल शीटमध्येही नेमका हाच घोळ सापडतो. तिथे उत्तर पडताळायला छापील आकडा नसतो, म्हणून तो वर्षानुवर्षं तसाच राहतो.

एकच उदाहरण घेऊन सगळं उलगडतो. ०.५ घनमीटरची लोखंडी टाकी आहे, तिचं आकारमान बदलत नाही. आत हेलियम आणि नायट्रोजन यांचं मिश्रण आहे. मोल फ्रॅक्शन हेलियमचं ०.४ आणि नायट्रोजनचं ०.६. तापमान २७ अंश सेल्सिअस, म्हणजे ३०० केल्विन. टाकीवरचं गेज ४०५ किलोपास्कल दाखवतंय आणि टाकी पुण्यात आहे. विचारलंय असं: प्रत्येक वायूचा आंशिक दाब किती, मिश्रणाचं मोलर मास किती, विशिष्ट उष्मा किती आणि मिश्रण ७७ अंशांपर्यंत तापवायला वायूला किती उष्णता द्यावी लागेल?

लीक टेस्टिंगमध्ये हेलियम शुद्ध वापरणं परवडत नाही, म्हणून तो नायट्रोजनमध्ये मिसळतात. त्यामुळे ही जोडी काही पुस्तकी नाही. शिवाय चूक उघडी पाडायला हिच्याइतकी चांगली जोडी नाही. एकाचं मोलर मास ४, दुसऱ्याचं २८.

तुमचं उत्तर काय आलंय ते आधी बघा

चुकीचं उत्तर बहुतेक वेळा स्वतःच सांगतं की पाऊल कुठे घसरलं. वरच्या गणितात बरोबर उत्तर ८७.६ किलोज्यूल आहे.

तुमचं ७०.९ आलं असेल तर तुम्ही गेजचा आकडा तसाच समीकरणात घातलाय, वातावरणाचा दाब मिळवलेला नाही. ८८.७ आलं असेल तर मिळवलाय, पण मुंबईचा. साधारण १२९ आलं असेल तर बाकी सगळं बरोबर आहे, फक्त cv च्या जागी cp वापरलाय. टाकीचं आकारमान बदलत नाही, वायू बाहेर काही ढकलत नाही, तेव्हा इथे cv च लागतो. आणि १५६ आलं असेल तर तुम्ही मोल फ्रॅक्शनला किलोवर मोजलेल्या विशिष्ट उष्म्याने गुणलंय. हा शेवटचा घोळ सगळ्यांत जास्त दिसतो आणि सगळ्यांत उशिरा सापडतो. बाकीचे तिन्ही नजरेला पडतात, हा पडत नाही. का पडत नाही, ते पुढे सांगतो. आधी दाबाचं उरकून घेऊ.

आंशिक दाब: गेज, आणि पुण्याची उंची

आंशिक दाबाचं सूत्र सगळ्यांना पाठ असतं. मोल फ्रॅक्शन गुणिले एकूण दाब. मात्र हा एकूण दाब निरपेक्ष हवा, म्हणजे निर्वातापासून मोजलेला. गेज मोजतं ते बाहेरच्या हवेच्या वर किती आहे ते. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे आणि इथे हवेचा दाब ९५ किलोपास्कलच्या आसपास असतो. पुस्तकातला १०१.३ हा समुद्रसपाटीचा आकडा. ४०५ मध्ये ९५ मिळवले की ५०० होतात:

```
P    = 405 + 95   = 500 kPa
p_He = 0.4 × 500  = 200 kPa
p_N2 = 0.6 × 500  = 300 kPa
```

१०१.३ मिळवले असते तर सव्वा टक्क्याचा फरक पडला असता. या टाकीत तो फारसा खुपत नाही. पण दाब कमी असेल, समजा गेजवर २० किलोपास्कलच असतील, तर तीच चूक पाच टक्क्यांच्या वर जाते. परीक्षेत वातावरणाचा दाब दिलेला असेल तर अर्थातच दिलेलाच वापरायचा, तिथे पुण्याची उंची काढून वाद घालू नये.

इथेच आणखी एक गफलत होते. काही जण म्हणतात, हेलियम ४० टक्के आहे, म्हणजे तो ०.२ घनमीटर जागा व्यापतो आणि त्याचा दाब २०० किलोपास्कल आहे. या दोन्ही गोष्टी एकाच समीकरणात घातल्या की हेलियमचे मोल ४० टक्केच निघतात, म्हणजे असतात त्याच्या निम्म्याहूनही कमी. खरं तर हेलियम अख्ख्या ०.५ घनमीटरमध्ये पसरलेला आहे आणि तिथे त्याचा दाब २०० आहे. ०.२ घनमीटर हे कल्पनेतलं आकारमान: हेलियम एकटा काढून ५०० किलोपास्कलला दाबून ठेवला तर एवढी जागा घेईल. तेव्हा एक तर आंशिक दाब आणि पूर्ण आकारमान घ्या, नाही तर पूर्ण दाब आणि आंशिक आकारमान घ्या. दोन्हीकडचं अर्धं-अर्धं उचलू नका.

सिलिंडरच्या सर्टिफिकेटवर टक्केवारी कुठली आहे, तेही बघून घ्या. v/v म्हणजे आकारमानाची टक्केवारी. आदर्श वायूसाठी तीच मोलची टक्केवारी, ती थेट मोल फ्रॅक्शन म्हणून चालते. w/w लिहिलं असेल तर ती वजनाची आहे, आणि तिला थेट एकूण दाबाने गुणणं साफ चूक. आपल्या मिश्रणात हेलियम मोलने ४० टक्के आहे, वजनाने जेमतेम पावणेनऊ टक्के. एवढी तफावत कुठून येते, ते आता बघू.

मोलर मास: मिश्रण तराजूवर ठेवा

मिश्रणाचा बरोबर एक किलोमोल घेतला असं समजा. त्यात ०.४ किलोमोल हेलियम आणि ०.६ किलोमोल नायट्रोजन.

```
He : 0.4 × 4.003   =  1.601 kg
N2 : 0.6 × 28.013  = 16.808 kg
M  =                 18.409 kg/kmol
```

मिश्रणाचं मोलर मास म्हणजे हेच, एका किलोमोलचं वजन. इथे मोल फ्रॅक्शन वापरणं बरोबर आहे, कारण आपण किलोमोल मोजतोय आणि गुणतोय तो आकडाही किलोमोलमागचा आहे. आता १८.४०९ किलोमध्ये हेलियमचे १.६०१ किलो, म्हणजे वजनाचा वाटा ०.०८७. उरलेला ०.९१३ नायट्रोजनचा. या दोन आकड्यांना वस्तुमान फ्रॅक्शन म्हणायचं. वहीत मोल फ्रॅक्शनच्या शेजारी यांचा वेगळा रकाना आखा. ज्यांच्या वहीत हा रकाना असतो त्यांचं गणित सहसा चुकत नाही, असं इतक्या वर्षांत दिसलंय.

उलट बाजूने येताना, म्हणजे वस्तुमान फ्रॅक्शन दिलेलं असताना मोलर मास काढताना, सरळ गुणून बेरीज करता येत नाही. ०.०८७ गुणिले ४ अधिक ०.९१३ गुणिले २८ केलं तर २५.९ येतं आणि ते चूक आहे. तिथे आधी प्रत्येकाचे मोल काढायचे, म्हणजे वजनाला मोलर मासने भागायचं, मग एक किलोला मोलच्या बेरजेने भागायचं. ०.०२१७ अधिक ०.०३२६, बेरीज ०.०५४३, आणि १ भागिले ०.०५४३ म्हणजे पुन्हा १८.४.

टाकीतले एकूण मोल आणि वजन आता सरळ निघतं:

```
n = P·V / (Ru·T) = 500 × 0.5 / (8.314 × 300) = 0.1002 kmol
m = n × M        = 0.1002 × 18.409           = 1.845 kg
```

मूळ दुखणं: विशिष्ट उष्मा

पुस्तकाच्या मागच्या तक्त्यात ३०० केल्विनला हेलियमचा cv ३.११६ आणि नायट्रोजनचा ०.७४३ दिलेला असतो. एकक किलोज्यूल प्रति किलो प्रति केल्विन. गणितात मोल फ्रॅक्शन दिलंय, तक्त्यात cv दिलाय, मोलर मासच्या वेळी गुणून बेरीज केली होती, तेव्हा हात आपोआप तसाच चालतो:

```
चूक :  0.4 × 3.116 + 0.6 × 0.743 = 1.692
```

यात काय बिघडलं? हेलियमचा ३.११६ हा एका किलो हेलियममागचा आकडा आहे. मिश्रणाच्या एका किलोत हेलियम किती? ८७ ग्रॅम. तुम्ही त्याला ४०० ग्रॅमचा मान दिलात. भाजीवाल्याने किलोचा भाव सांगावा आणि आपण नग मोजून पैसे द्यावेत, तसला हा हिशेब. बरोबर रीत अशी:

```
बरोबर:  0.087 × 3.116 + 0.913 × 0.743 = 0.949 kJ/kg·K
```

किंवा तक्त्यातला आकडाच आधी किलोमोलमागे करून घ्या. हेलियमसाठी ३.११६ गुणिले ४.००३ म्हणजे १२.४७, नायट्रोजनसाठी ०.७४३ गुणिले २८.०१३ म्हणजे २०.८१. आता मोल फ्रॅक्शन बिनधास्त वापरा:

```
0.4 × 12.47 + 0.6 × 20.81 = 17.47 kJ/kmol·K
17.47 / 18.409            = 0.949 kJ/kg·K
```

दोन्ही वाटांनी एकच आकडा आला. मला दुसरी वाट जास्त आवडते, कारण तिथे वायूचा स्वभाव दिसतो. हेलियम एकअणू आहे. त्याला उष्णता दिली की ती फक्त इकडून तिकडे धावण्यात खर्च होते, म्हणून किलोमोलमागे त्याचा cv सार्वत्रिक स्थिरांकाच्या दीडपट, १२.४७. नायट्रोजनच्या रेणूत दोन अणू आहेत, तो गिरक्याही घेतो, म्हणून अडीचपट, सुमारे २०.८. म्हणजे मोलमागे बघितलं तर हेलियमला उष्णता कमी लागते. किलोमागे तो एवढा मोठा दिसतो तो केवळ हलका असल्यामुळे, एका किलोत त्याचे मोल खूप मावतात. मिश्रणात हेलियम वाढवत गेलात तर किलोमोलमागचा cv घटत जातो आणि किलोमागचा वाढत जातो. ही उलटसुलट चाल एकदा ध्यानात आली की फ्रॅक्शन कुठलं घ्यायचं हे पाठ करावं लागत नाही.

शेवटचा हिशेब:

```
Q = m·cv·ΔT = 1.845 × 0.949 × 50 = 87.6 kJ
```

१.६९२ घातला असता तर १५६. पावणेदोन पट.

हा घोळ लपून का राहतो

सगळ्यात मोठं कारण म्हणजे आपण सवय लावतो ती हवेवर. हवेत नायट्रोजन ७९ टक्के आणि ऑक्सिजन २१ टक्के धरा. चुकीच्या रीतीने cv येतो ०.७२५ आणि बरोबर रीतीने ०.७२३. फरक पाव टक्क्याच्या आसपास. मोलर मास २८ आणि ३२ इतकी जवळ असली की चुकीची रीतही बरोबर उत्तर देते, आणि शिकणाऱ्याला वाटतं आपली पद्धत ठीक आहे. मग हेलियम, हायड्रोजन किंवा आर्गॉन आला की गाडी रुळावरून उतरते.

दुसरं कारण असं की "उत्तर दोघांच्या मधे आहे ना, मग बरोबर" ही तपासणी इथे कामाची नाही. १.६९२ सुद्धा ०.७४३ आणि ३.११६ यांच्या मधेच आहे.

तिसरं कारण रिगवाल्यांसाठी. टाकी तापवून दाब बघितला तर तो सांगितल्यासारखाच वाढतो. ३०० वरून ३५० केल्विनला नेलं की निरपेक्ष दाब ५०० वरून ५८३ किलोपास्कल होतो, गेजवर ४८८. ते बघून मंडळी म्हणतात, शीट बरोबर आहे. पण बंद टाकीतला हा दाब फक्त तापमानाच्या गुणोत्तरावर चालतो. आत हेलियम असो, नायट्रोजन असो, नाही तर नुसती हवा असो, ५८३ च येणार. दाबाच्या वाढीवरून विशिष्ट उष्म्याबद्दल काहीही कळत नाही.

मग हीटरचं मीटर बघून पडताळू म्हणाल, तर तेही जमणार नाही. अशी टाकी समजा १२० किलो पोलादाची असेल, तर नुसतं पोलाद ५० अंश तापवायला सुमारे २,९०० किलोज्यूल लागतात. वायूचे ८७.६ त्यात तीन टक्क्यांच्या आसपास. बाहेरच्या हवेत जाणारी उष्णता आणखी वेगळी. मीटरवर वायूची चूक दिसायला जागाच नाही. हीटर निवडताना वायूच्या cv वर डोकं खपवण्यापेक्षा टाकीचं वजन विचारलेलं बरं, हे मी रिगवाल्यांना सांगतो तेव्हा त्यांना थोडं वाईट वाटतं. पण cv आणि cp यांचं गुणोत्तर नॉझलमधून, ऑरिफिसमधून जाणाऱ्या प्रवाहाच्या हिशेबात लागतं आणि तिथे चूक झाकली जात नाही.

पकडायची खात्रीची युक्ती

cp सुद्धा त्याच रीतीने काढा आणि दोघांची वजाबाकी करा. आदर्श वायूच्या कुठल्याही मिश्रणासाठी ती वजाबाकी सार्वत्रिक स्थिरांक भागिले मिश्रणाचं मोलर मास एवढीच आली पाहिजे. हेलियमचा cp ५.१९३ आणि नायट्रोजनचा १.०४० घेऊन:

```
बरोबर:  cp − cv = 1.401 − 0.949 = 0.452
चूक  :  cp − cv = 2.701 − 1.692 = 1.009
Ru/M           = 8.314 / 18.409 = 0.452
```

चुकीची रीत इथे लगेच उघडी पडते. मात्र एक अट आहे. उजवीकडचा आकडा मोलर मासवरूनच काढा. कित्येक जण दोन्ही वायूंचे R घेतात, २.०७७ आणि ०.२९७, त्यांनाही मोल फ्रॅक्शनने गुणतात आणि बेरीज करतात. ती येते १.००९! मग वजाबाकी जुळली म्हणून खूश होतात. एकाच चुकीने दोन्ही बाजू वाकवल्या तर त्या एकमेकींना जुळणारच. मोलर मास मात्र वेगळ्या वाटेने आलेलं असतं, म्हणून साक्षीदार म्हणून तेच उभं करायचं.

गुणोत्तराचंही तसंच. बरोबर गुणोत्तर १.४०१ भागिले ०.९४९, म्हणजे १.४७६. दोन वायूंची गुणोत्तरं, १.६६७ आणि १.४, मोल फ्रॅक्शनने सरासरी करून काढली तर १.५०७ येतं. जवळ आहे, पण चूक आहे. गुणोत्तराची सरासरी कधी काढू नका. आधी cp, मग cv, मग भागाकार.

एक्सेलमध्ये हे करताना B रकान्यात मोल फ्रॅक्शन, C मध्ये मोलर मास, D मध्ये वस्तुमान फ्रॅक्शन, E मध्ये cv आणि F मध्ये cp ठेवा:

```
C4:  =SUMPRODUCT(B2:B3,C2:C3)
D2:  =B2*C2/$C$4
E4:  =SUMPRODUCT(D2:D3,E2:E3)
F4:  =SUMPRODUCT(D2:D3,F2:F3)
G4:  =(F4-E4)*C4
```

D2 खाली D3 पर्यंत ओढा. G4 मध्ये ८.३१ च्या आसपास आकडा आला पाहिजे. तिथे १८.६ दिसलं तर E4 आणि F4 मध्ये D च्या जागी B लिहिलं गेलंय.

गणित बरोबर, पण टाकीतलं मिश्रणच वेगळं

हे फक्त प्रत्यक्ष मिश्रण भरणाऱ्यांसाठी. परीक्षेवाल्यांनी हा भाग सोडला तरी चालेल. शीट नीट केल्यावरही लीक डिटेक्टरचा आकडा कमी येतो, तेव्हा मोल फ्रॅक्शन ०.४ आहे हेच गृहीतक तपासायचं. दोन कारणं पुन्हा पुन्हा भेटतात.

पहिलं, टाकी आधी निर्वात केलेली नसते. गेज शून्यावर आहे म्हणजे टाकी रिकामी आहे, असं नाही. आत पुण्याची ९५ किलोपास्कल हवा भरलेली आहे. आता गेज २०० होईपर्यंत हेलियम भरला आणि ५०० होईपर्यंत नायट्रोजन. भरलेला हेलियम खरोखर २०० किलोपास्कलचा आहे आणि नायट्रोजन ३०० चा, कारण गेजच्या दोन वाचनांतला फरक निरपेक्षच असतो. पण एकूण दाब ५९५ आहे. हेलियमचं मोल फ्रॅक्शन २०० भागिले ५९५, म्हणजे ०.३३६. मोलर मासही १८.४ न राहता २०.१ होतं. भरणाऱ्याला वाटतं ४० टक्के, असतं साधारण ३४. व्हॅक्युम पंप नसेल तर आतली हवा धरून हिशेब करा, ती नाहीच असं समजू नका.

दुसरं, घाईने भरणं. सिलिंडरचा व्हॉल्व्ह भसकन उघडला की टाकीतला वायू तापतो, कारण मागून येणारा वायू पुढच्याला दाबत आत ढकलतो. रिकाम्या टाकीत वायू भरताना उष्णता अजिबात बाहेर गेली नाही, तर आतलं केल्विनमधलं तापमान cp भागिले cv इतक्या पटीने वाढू शकतं. हेलियमसाठी ३०० वरून ५०० केल्विन. प्रत्यक्षात भिंती बरीच उष्णता खातात आणि वाढ त्याहून खूप कमी राहते. पण समजा निर्वात टाकीत निरपेक्ष २०० किलोपास्कल झाले तेव्हा वायू ५७ अंशांवर होता. तसाच व्हॉल्व्ह बंद केलात तर टाकी २७ अंशांवर येईपर्यंत तो दाब १८२ वर उतरतो. त्यानंतर ५०० पर्यंत नायट्रोजन भरला तर हेलियम ४० टक्के न होता ३६ टक्के होतो. उपाय साधा आहे. हळू भरायचं, व्हॉल्व्ह बंद करून काटा खाली सरकायचा थांबेपर्यंत वाट बघायची, मग कमी पडलेला हेलियम पुन्हा थोडा सोडायचा. नायट्रोजन भरतानाही हेच.

भरून झाल्यावर लगेच वरच्या व्हॉल्व्हमधून नमुना घेऊ नका. दोन वायू एकजीव व्हायला वेळ लागतो, आणि खालून सावकाश सोडलेला नायट्रोजन बराच वेळ तळाशीच राहू शकतो. मात्र एकदा मिसळल्यावर हेलियम हलका म्हणून वर जाऊन बसतो, ही समजूत खोटी आहे. एवढ्याशा टाकीत मिसळलेले वायू आपणहून वेगळे होत नाहीत.

ही रीत कुठपर्यंत चालते

पाच बारच्या आसपास, खोलीच्या तापमानाला, हेलियम आणि नायट्रोजन आदर्श वायूसारखेच वागतात. ७७ अंशांपर्यंत नायट्रोजनचा cv जवळजवळ हलत नाही आणि हेलियमचा तर हलतच नाही, म्हणून ३०० केल्विनचा एकच आकडा चालून गेला.

नायट्रोजनच्या जागी कार्बन डायऑक्साइड आला की दोन्ही गोष्टी बदलतात. त्याचा cv ३०० केल्विनला ०.६५७ आणि ४०० ला ०.७५० च्या घरात, म्हणजे शंभर अंशांत चौदा टक्के वाढ. तिथे सुरुवातीच्या तापमानाचा आकडा न घेता मधल्या तापमानाचा, ३५० चा ०.७०६, घ्यायचा. शिवाय तो पाच बारलाच आदर्श वागणुकीपासून दोन-तीन टक्के ढळलेला असतो. वेल्डिंगच्या दुकानात आर्गॉन आणि कार्बन डायऑक्साइडचा दीडशे बारचा सिलिंडर असतो, त्याला मोल फ्रॅक्शन गुणिले दाब ही रीत लावली तर येतो तो फक्त अंदाज. अशा सिलिंडरमधल्या वायूचं वजन हवं असेल तर सूत्र बाजूला ठेवा आणि भरलेल्या सिलिंडरच्या वजनातून रिकाम्याचं, म्हणजे त्याच्या खांद्यावर ठोकलेलं, वजन वजा करा.